टाळ्या काढा, तालीम ठेवा

*मी निवृत्त शिक्षिका आहे, चिंचवडला राहते. मुलांसाठी एक गोष्ट लिहिली आहे. यश नावाचा लाजाळू मुलगा विदर्भातून इकडे राहायला येतो. पाचवीच्या नव्या वर्गात बोलायचं म्हणून तो घरी आरशासमोर "नमस्कार, माझं नाव यश" असा सराव करतो. आजोबा त्याला धीर देतात. पहिल्या दिवशी तो न अडखळता बोलतो आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. हजार शब्द झालेत. दोन दिवाळी अंकांकडून परत आली. एका संपादकांनी लिहिलंय, "भाषा छान, पण गोष्ट घडत नाही." नातीला वाचून दाखवली तर ती शेवटी म्हणाली, "मग?" नक्की काय चुकतंय?*

*– एक वाचक, चिंचवड*

बाई,

नातीचा "मग?" संपादकांच्या वाक्यापेक्षा नेमका आहे. गोष्ट संपली हे तिला कळलंच नाही, कारण ती सुरू झाल्याचंही तिला कळलं नव्हतं.

एक करून बघा. हस्तलिखितातला सरावाचा सगळा भाग हाताने झाका आणि उरलेलं वाचा. मुलगा गावाहून येतो, वर्गात उभा राहतो, बोलतो, टाळ्या पडतात. कुठे काही तुटल्यासारखं वाटलं? मला नाही वाटलं. म्हणजे ज्या सरावासाठी गोष्ट लिहायला घेतली, तोच काढला तरी गोष्टीला पत्ता लागत नाही. तुमचा मुलगा तीन वेळा आरशासमोर उभा राहतो, तेच वाक्य म्हणतो आणि दर वेळी थोडं बरं म्हणतो. हा व्यायाम झाला. गोष्टीतली तालीम दर वेळी वेगळ्या तऱ्हेने फसायला हवी. प्रत्येक फसण्यातून मुलाच्या खिशात काहीतरी पडायला हवं आणि शेवटच्या दिवशी त्याने तेच खिशातून काढायला हवं.

नावाबद्दल आधीच सांगून टाकते. मुलाचं नाव यश ठेवलं की शेवट पहिल्याच ओळीत फुटतो. तुम्ही त्याला विदर्भातून आणलंय ना? मग गजानन म्हणा. अकोला-बुलढाण्याच्या पट्ट्यात शेगावच्या महाराजांमुळे हे नाव घरोघरी सापडतं, आणि आजच्या दहा वर्षांच्या मुलाला ते जरा जुनं वाटून तो मनातल्या मनात अवघडतो. घरी गजू. हे माझं सुचवणं आहे, तुम्हाला दुसरं सुचलं तर ते घ्या, फक्त यश नको.

आता मुद्द्याचं. "लाजाळू" हे विशेषण तुम्ही पहिल्या पानावर पाच वेळा वापरलंय, पण त्याला लाज कशाची वाटते हे कुठेच येत नाही. मुलाला "बोलण्याची" भीती वाटत नसते, एका ठरावीक जागी अडकण्याची वाटते. ती जागा तुमच्या हातात होती. मुलाला विदर्भातून आणलंत, पण त्याची बोली मागे गाडीतच राहिली. पहिल्या ओळीपासून तो पुस्तकातलं बोलतो.

वऱ्हाडीत बोलताना ळचा य होतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. शाळा ती शाया, केळं ते केयं, गूळ तो गूय, डोळा तो डोया. गजूला ळ म्हणता येत नाही असं मुळीच दाखवू नका, ते खोटं होईल. पुस्तक वाचताना तो स्वच्छ ळ म्हणतो. घाई झाली, कुणी टक लावून पाहिलं, की जिभेवर घरचा य येतो. जमणारी गोष्ट नेमक्या वेळी निसटते, म्हणून तर सराव लागतो. अजिबात न जमणाऱ्या गोष्टीचा सराव मुलं करत नाहीत, ती टाळतात.

आणि गंमत बघा. त्याला गाव द्या बाळापूर. अकोला जिल्ह्यातलं, मान आणि म्हैस नद्यांच्या संगमावर किल्ला असलेलं तालुक्याचं गाव. तुम्ही नुसतं "विदर्भातून" लिहिलंय, ते कुणालाच दिसत नाही. घरी, बाजारात, एसटी स्टँडवर त्या गावाचं नाव बायापूर. आता त्याने पाठ केलेलं वाक्य असं करा: "सगळ्यांना नमस्कार. माझं नाव गजानन. मी बाळापूरच्या शाळेतून आलो." एवढ्याशा वाक्यात तीन ळ, आणि पहिला तर अभिवादनाच्या पहिल्याच शब्दात. शिवाय "माझं" आहेच, घरी ते "माहं". आता वाचणाऱ्या पोराला पुढे काय पाहायचं ते कळलं. लाजाळू हा शब्द एकदाही न लिहिता.

आरसा काढा. आरशासमोर सराव करणारं मूल मी गोष्टींत शेकड्याने पाहिलंय, घरांत फारसं नाही. लाजणारं मूल आरशापासून लांब पळतं, कारण त्याची अडचणच ती असते: समोरच्याकडे लक्ष देण्याऐवजी ते स्वतःकडे बाहेरून पाहत राहतं, मी कसा दिसतोय, आवाज थरथरला का. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये चारचौघांत वाटणाऱ्या भीतीची जी मांडणी केली, तिच्या मध्यभागी हेच आतल्या बाजूला वळलेलं लक्ष आहे. आरसा ते आणखी आत वळवतो. त्यामुळे आरशासमोर तिसऱ्यांदा झकास बोलणारा मुलगा मला खरा वाटत नाही.

मग तालीम कुठे? तीन जागा सुचवते.

पहिली, न्हाणीघर. वडील चाकणच्या कारखान्यात लागलेत, भोसरीत एक खोली आणि स्वयंपाकघर, एकांत मिळेल अशी जागा तेवढीच. तो नळ सोडतो, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही. पण छोट्या न्हाणीघरात आवाज घुमतो. "सगळ्यांना" म्हटल्यावर भिंतींकडून जे परत येतं, ते त्याच्या आवाजापेक्षा मोठं आणि दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. तो गप्प होतो. बादली भरून वाहायला लागते, आई ओरडते, "काऊन रे, पानी सोडून बसला?" इथे त्याने एकच शिकावं: जीभ कुठे लागते ते. ट-ठ-ड म्हणताना जिभेचं टोक वळून टाळूला जिथे टेकतं, तिथेच टेकवून ल म्हटलं की ळ होतो. हे त्याला कुणी शिकवू नये. "बादली", "बाडली", "बाळली" असं बडबडताना त्याचं त्याला सापडावं. अशी बडबड पोरं खरोखर करतात, आणि तुमचा बालवाचक तिथे स्वतःची जीभ वळवून पाहील याची मी खात्री देते.

दुसरी तालीम धाकट्या बहिणीसमोर. चार वर्षांची, तिला काही लपवायला येत नाही. तो उभा राहून नीट, जपून म्हणतो, "मी बाळापूरच्या शाळेतून आलो." ती विचारते, "ते कुठी हाय?" तो म्हणतो, "अवं, आपलंच गाव." ती मान हलवते. "आपलं त बायापूर." तो पुन्हा म्हणतो, ती पुन्हा म्हणते. त्याने इतक्या कष्टाने बरोबर केलेला शब्द घरातल्या माणसाला ओळखूच येत नाही. बाई, तुमच्या गोष्टीचं काळीज इथे आहे. घाई करू नका. या प्रसंगाला दोनशे शब्द द्या, आणि त्याला काय वाटलं हे सांगू नका. दादा तिच्यावर चिडेल, मग तिच्या हातातला पापड अर्धा मोडून खाईल, एवढं पुरे.

तिसरी तालीम खरी असावी, म्हणजे सराव म्हणून केलेली नसावी. आई वाण्याकडे पाठवते, पावशेर गूळ आण. रस्ताभर तो गूळ, गूळ घोकत जातो. दुकानात गर्दी, एक काकू पुढे घुसते, दुकानदार मान वर करून म्हणतो, "बोल पटकन." आणि तोंडातून येतं, "गूय." "काय?" गजू घाबरून दुसरा शब्द शोधतो. "ते... पिवयं." पळवाट म्हणून धरलेल्या शब्दातही ळ! हसू येतं की नाही? लिहिणाऱ्याने असे सापळे लावायचे असतात, आणि मराठीत ळ इतका पसरलेला आहे की सापळे फुकट मिळतात: वेळ, खेळ, फळा, सकाळ. शेवटी तो बोट दाखवतो. दुकानदार त्याला चण्याची डाळ बांधून देतो. ती घेऊन तो घरी येतो, आणि आई काहीच न बोलता त्या रात्री तिची आमटी करते. आईचं हे न बोलणं तुमच्या आजोबांच्या दीड पानाच्या भाषणापेक्षा जास्त काम करेल.

हो, आजोबा. त्यांना मी गोष्टीतून सुट्टी दिली आहे. "घाबरू नकोस, सगळे आपलेच असतात" हे वाक्य तुम्ही-आम्ही वर्गात हजारदा म्हटलंय. एकाही मुलाची मान त्याने वर आलेली मी पाहिली नाही. आजोबा ठेवायचेच असतील तर बाळापूरला फोनवर ठेवा, ऐकायला कमी येणारे. "कोनती शाया?" एवढंच विचारू देत.

आता घाई कुठून आणायची? तुमच्या गोष्टीत दिवस नुसते जातात. इथेही विदर्भ मदतीला येतो. तिकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर. गजूने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर महिनाअखेरीपर्यंतचे दिवस मोजून ठेवलेत, रोज एक फुली मारतो. गुळाच्या फजितीच्या दुसऱ्या दिवशी शेजारची मुलगी नवं दप्तर दाखवायला येते आणि म्हणते, परवा शाळा. दोन आठवडे एका वाक्यात गेले. यासाठी आजारपण नको, अपघात नको. तुम्ही चाळीस वर्षं शिकवलंत, पण हा फरक गोष्टीत वापरायचं सुचलं नाही, कारण आपल्याला तो परिपत्रकातला वाटतो. मुलासाठी तो आयुष्यातला असतो.

पहिला दिवस. इथे सगळ्यात मोठी दुरुस्ती आहे. पाठ केलेलं वाक्य त्याला जसंच्या तसं म्हणू देऊ नका. आपली शाळा कुणाला तशी संधी देते का? बाई वर्गात येतात, मॉनिटर ओरडतो, "एक साथ..." आणि चाळीस पोरं ताणून म्हणतात, "नमस्तेऽऽ". गजूने "नमस्कार" पाठ केलाय. ऐन वेळी तो "नमस्ते"कडे वळतो, वळताना अर्धी मात्रा मागे राहतो, आणि सगळा वर्ग थांबल्यावर त्याचं एकट्याचं "...स्ते" खोलीत उरतं. बाई, हेच त्याचं अभिवादन. तीन आठवडे ज्याची तालीम केली, ते दीड अक्षरात झालंही, आणि ळ त्यात नव्हताच. माना मागे वळतात.

बाई विचारतात, "नवीन का? कुठून आलास?" तो म्हणतो, "बायापूर." निसटलंच. कुणीतरी खुसकन हसतं. "कुठे आलं ते?" आणि इथे खिशात हात घालायचा. न्हाणीघरातली जीभ वळते, टाळूला टेकते. "बाळापूर." मग, बहीण समोर बसली असावी तसं, "घरी बायापूर म्हणतात."

हे वाक्य त्याने पाठ केलेलं नाही. पण बहिणीसमोरची फसलेली तालीम नसती, तर ते त्याला सुचलंच नसतं. तो प्रसंग झाकला तर आता गोष्ट कोसळते. संपादक "घडणं" म्हणतात ते हेच.

पुढे फार जाऊ नका. बाकावरचा शेजारी, ज्याच्याकडे त्याने अजून पाहिलेलंही नाही, हळूच विचारतो, "आणि शाळेला?" "शाया." "केळं?" "केयं." थांबा. तिसरा शब्द विचारलात की खेळाची चेष्टा होते. पोरांच्या जगात ती रेघ फार बारीक असते, हे आपण दोघींनी वर्गात पाहिलंय. दोन शब्दांपर्यंत कुतूहल असतं, पुढे मागच्या बाकावरून नक्कल सुरू होते आणि गजूचं टोपणनाव ठरून जातं. तशीही एक गोष्ट लिहिता येईल, खरीही होईल, पण ती दुसरी.

टाळ्या नकोतच. चौथी-पाचवीतली पोरं नव्या मुलाने नाव सांगितलं म्हणून टाळ्या वाजवत नाहीत, बाईंनी सांगितलं तर वाजवतात. तुमची नात तिथेच गोष्टीतून उठून गेली असणार.

मापाचं थोडं. हजार शब्दांत वरचं सगळं बसवायचं तर गाव सोडणं, ट्रक, सामान लावणं हे चार ओळींत उरका. न्हाणीघर दीडशे, बहीण दोनशे, दुकान दोनशे, शेवटचा दिवस अडीचशे, बाकी जोडकामाला. तुम्ही सुरुवातीचे साडेतीनशे शब्दच म्हणाना, पावसाच्या वर्णनावर घालवलेत. पाऊस चांगला लिहिलाय, पण त्यात गजू भिजत नाही. कादंबरीसाठी ठेवा.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, बोली फक्त घरच्या माणसांच्या तोंडी. "बायापूर" पहिल्यांदा येईल तेव्हा कंस करून अर्थ देऊ नका, बहिणीच्या प्रसंगात तो आपोआप उलगडतो. वऱ्हाडी संवाद अकोल्याकडच्या कुणाकडून एकदा वाचून घ्या, माझेही. मी तिकडची नाही, लेकीच्या सासरहून ऐकून लिहिते.

आणि पाठवताना पहिल्या पानाच्या वर लाल शाईने एक सूचना लिहा. हे मी अनुभवाने सांगते. एका अंकात माझ्या गोष्टीतल्या आजीने आयुष्यभर म्हटलेलं "शाया" मुद्रितशोधकाने नऊच्या नऊ ठिकाणी इमानेइतबारे "शाळा" करून टाकलं होतं आणि अख्खा विनोद छापखान्यातच राहिला. तुमच्या गोष्टीत तसं झालं तर शेवटी गजू म्हणेल, "बाळापूर. घरी बाळापूर म्हणतात."